निकालाबरोबर दिलेलं पत्र

महाराष्ट्रात माझ्या वयाचे शिक्षक निवृत्त होतात तेव्हा बऱ्याचदा शाळेत मुलंच नसतात. कारण साधं आहे. आमच्यातल्या कितीतरी जणांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा. घरी जन्माची नोंद नसायची, जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला हाताला धरून गुरुजींसमोर उभं करायचा आणि वयात बसावं म्हणून गुरुजी १ जून ठोकून द्यायचे. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, तो महिनाअखेरीला. पण ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच सुटतो. म्हणजे ३१ मे. त्या दिवशी शाळेत शिपाई, एखादा क्लार्क आणि पंख्याखाली झोपलेलं मांजर सोडून कोणी नसतं. स्टाफचा निरोप समारंभ आधी कधीतरी उरकलेला असतो, शाल-श्रीफळ मिळालेलं असतं. मुलांचा निरोप मात्र घ्यायचा असेल तर तो एप्रिलअखेर निकालाच्या दिवशीच, आणि त्या दिवशी मुलांचं लक्ष कुठे असतं ते सांगायला नको.

म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. प्रगतिपत्रकाच्या पाकिटात घालायचं, एका कागदाचं.

आमची शाळा नाशिकरोडच्या बाजूची, इंग्रजी माध्यमाची, अनुदानित. मुलांमध्ये प्रेसमधल्या कामगारांची मुलं, भाजी मार्केटातल्या व्यापाऱ्यांची मुलं आणि देवळालीच्या तोफखान्याच्या प्रशिक्षणशाळेत बदलून आलेल्या लष्करी कुटुंबांची मुलं. या शेवटच्यांना घरी हिंदी, पंजाबी, तमिळ, काहीही असतं; मराठी त्यांना फक्त माझ्या तासाला भेटते. प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरतं, देवनागरी वाचता येते पण मराठीचा अर्थ लागत नाही. २०२० च्या कायद्यानं मराठी सगळ्या शाळांत टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली तेव्हापासून अशा जोड्या वाढल्या आहेत: मराठी शिकवणारी एक बाई आणि तिनं काय शिकवलं ते स्वतः वाचू न शकणारी मुख्याध्यापिका. यात कोणाचा दोष नाही. पण शाळेच्या पाकिटातून मुलांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक कागदाची जबाबदारी प्रिन्सिपलची असते, आणि न कळलेल्या कागदावर सही कोण करेल? सिस्टरनी सरळ सांगितलं, “टीचर, तुम्ही मराठीत लिहा. मला इंग्रजीत द्या. मग मी परवानगी देते.”

मला वाटलं, हे अर्ध्या तासाचं काम. मराठी लिहायचं, खाली इंग्रजी करून द्यायचं. प्रत्यक्षात मराठी पत्रच तीनदा बदललं.

पहिला खर्डा निवृत्तीच्या पत्रांचा असतो तसा होता. ‘ऋणानुबंध’, ‘कृतार्थ’, ‘ज्ञानमंदिर’ हे सगळे पाहुणे हजर. दहावीच्या ‘अक्षरभारती’ला पत्रलेखन असतं, मायना, मजकूर, समारोप यांचे गुण मीच वर्षानुवर्षं दिलेत, तेव्हा ते हाताला लागलेलंच होतं. इंग्रजीला हात लावण्याआधी हा खर्डा शेजारच्या सातवीतल्या मुलाला मोठ्यानं वाचायला दिला आणि पेन्सिल घेऊन बसले. हे मी कोणत्याही वाचनपाठाला करते. जिथे मूल थांबतं तिथे एक उभी रेघ, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचतं तिथे दोन.

जोडाक्षरांवर रेघा पडणार हे माहीत होतं. पण दोन रेघा जिथे पडल्या ती ठिकाणं वेगळी होती. तिथे शब्द सोपे होते, वाक्यं लांब होती. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आपण झरझर वाचतो म्हणून ते जाणवत नाही. अक्षर लावून लावून वाचणारं मूल मात्र ‘मी’पासून निघतं आणि ‘आहे’पर्यंत पोहोचतं तोवर ‘मी’ कुठे ठेवला ते विसरलेलं असतं. मग ते परत मागे येतं, आणि दुसऱ्यांदा कंटाळतं. अशा वाचकासाठी वाक्य सात-आठ शब्दांत संपलं पाहिजे आणि एका वाक्यात एकच गोष्ट सांगितली पाहिजे. मी सगळं पत्र त्या मापानं पुन्हा लिहिलं. ‘ऋणानुबंध’ तर गेलाच. त्याच्याबरोबर एक अख्खा परिच्छेद गेला, कारण आखूड वाक्यांत मांडल्यावर त्यात सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

दुसऱ्यांदा पत्र बदललं ते इंग्रजीमुळे. मराठीत एक वाक्य होतं: आठवीतला एक मुलगा दोन वर्षं माझ्या तासाला खाली बघून बसायचा आणि या ऑगस्टमध्ये त्यानं अख्खं पान न थांबता वाचलं, त्या दिवशी मला पगाराची गरज वाटली नाही. नाव घातलं नव्हतं. मला ते वाक्य फार आवडत होतं. इंग्रजीत ते सिस्टरसाठी लिहायला घेतलं तेव्हा त्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडं स्पष्ट करावं लागलं, आणि कागदावर उतरलं ते असं: आठवी ‘ब’मधला एक विद्यार्थी, ज्याला दोन वर्षं मराठी वाचता येत नव्हतं. त्या वाक्यातलं कौतुक कुठल्या कुठे गेलं होतं आणि एका मुलाची कमतरता शाळेच्या कागदावर आली होती. आणि मराठीतही वेगळं काय होतं? आठवी ‘ब’च्या चाळीस मुलांना तो कोण ते पहिल्या ओळीत कळलं असतं. पाकीट उघडणाऱ्या आयांनाही. मी ते वाक्य दोन्हीकडून काढलं आणि त्या मुलाच्या वहीत, त्यानं वाचलेल्या पानाच्या तारखेखाली, दोन ओळी लिहून दिल्या. तिथे ते एकट्या त्याचं होतं.

यानंतर मी एक नियम लावून घेतला. जे वाक्य सिस्टरना इंग्रजीत वाचायला देताना मला आवरतं घ्यावंसं वाटेल, ते मराठीतही ठेवायचं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं दुसऱ्या शाळेतून जाताना उलटं केलं होतं: मराठीत मुलांना बरंच काही सूचक लिहिलं आणि इंग्रजीत तीन गोड ओळी देऊन परवानगी काढली. मुलं हसली, पालकांत कुजबुज झाली, आणि पुढच्या वर्षापासून त्या शाळेत निरोपाची पत्रंच बंद झाली. भाषा न कळणाऱ्या माणसाच्या सहीआड लपून लिहिणं मला पटत नाही. ज्याला काही सुनवायचं आहे त्यानं ते त्याला कळेल अशा भाषेत सुनवावं.

शेवटी मुलांच्या पाकिटात गेलेलं पत्र असं होतं.

“मुलांनो,

हे पत्र निकालाबरोबर आहे. आधी निकाल बघा. पत्र मग वाचा. घाई नाही.

३१ मे रोजी मी निवृत्त होते आहे. त्या दिवशी शाळा बंद असेल. म्हणून निरोप आत्ताच घेते. माझ्या जन्माची नोंद नव्हती. गुरुजींनी १ जून लिहिला. आई म्हणायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशी झालीस. म्हणजे मी तीन महिने लवकर घरी चालले आहे.

वहीचं शेवटचं पान फाडू नका. त्यावर तुमचे चुकलेले शब्द आहेत. पुढच्या वर्षी येणाऱ्या टीचरना ते पान दाखवा. त्यांचं काम लवकर होईल.

‘किशोर’चे अंक वाचनालयाच्या लोखंडी कपाटात आहेत. किल्ली मावशींकडे मिळेल. मधल्या सुट्टीत मागा. अंक त्याच दिवशी परत ठेवा.

मला पत्र लिहावंसं वाटलं तर लिहा. शाळेच्या ऑफिसात द्या. मला मिळेल. चुका असल्या तरी चालेल. लाल पेन मी घरी नेत नाही.

तुमची,
मराठीची टीचर”

सिस्टरसाठीचं इंग्रजी याच्या दुप्पट झालं. वर निवृत्तीची तारीख, नियम, शेवटचा कामाचा दिवस, मग मराठी पत्राचा मजकूर परिच्छेदाला परिच्छेद लावून, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली हे का लिहिलं त्याची एक-दोन वाक्यं. मूळ मजकुरात भर घालायची नाही, काही गाळायचंही नाही, स्पष्टीकरण वेगळं दिसेल असं ठेवायचं, एवढं पथ्य पाळलं. नाहीतर वाचणाऱ्याला कळत नाही की मुलांना यातलं काय सांगितलं आहे आणि आपल्याला काय समजावलं जातंय.

जन्मतारखेच्या परिच्छेदाखाली मी चांगल्या पाच ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं होतं. गुरुजी, दाखला, पोळा म्हणजे बैलांचा सण, श्रावणातली अमावस्या, सगळं. सिस्टरनी ते वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला हसायला लागल्या. त्यांच्याकडे म्हणे सगळे मे महिन्यात जन्मलेले असतात. जून उजाडायच्या आत वय भरावं म्हणून तिकडचे मास्तर मे महिन्यातली तारीख लावत. ३१ मेला केरळात हजारो सरकारी कर्मचारी एकदम निवृत्त होतात आणि दरवर्षी पेपरात त्याची बातमी येते. त्यांचे वडील, दोन मामा, सगळे त्यातलेच. माझ्या पाच ओळींवर त्यांनी तिरकी रेघ मारली. एवढ्या वर्षांत आम्ही पगारबिलं आणि पेपरतपासणी सोडून बोललो नव्हतो असं नाही, पण त्या दिवशी चहा आला.

चहानंतर मात्र त्यांनी पेन उघडलं आणि मला खरं काम दिसलं. त्यांनी भावनेच्या एकाही ओळीला हात लावला नाही. क्रियापदं शोधली. ‘मिळेल’, ‘दाखवा’, ‘द्या’. प्रत्येकाखाली रेघ आणि समासात एकच प्रश्न: कोण? किल्ली मावशींकडे मिळेल, पण मावशींना विचारलं का? मधल्या सुट्टीत मावशी पाण्याच्या टाकीशी असतात. अंक हरवला तर भरपाई कोणाची? नवीन टीचर शेवटचं पान बघतील असं मी मुलांना सांगते आहे, पण नवीन टीचर अजून नेमलेल्याच नाहीत. आणि मुलांची पत्रं ऑफिसात आली तर ती माझ्याकडे कोण पोहोचवणार?

मी जरा चिडले, खरं सांगायचं तर. निरोपाच्या पत्रात एवढी चौकशी? पण त्यांचं बरोबर होतं. जाणाऱ्या माणसाच्या पत्रातली आश्वासनं दुसऱ्यांनी पाळायची असतात. मी ३१ मेला मोकळी. जूनमध्ये मूल लोखंडी कपाटासमोर जाऊन उभं राहणार आणि कपाट बंद असेल तर टीचर खोटं बोलल्या एवढंच त्याला कळणार. पत्र छापण्याआधी मी खाली गेले आणि मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “बाई, किल्ली ठेवीन, पण मंगळवारी-शुक्रवारीच. बाकीच्या दिवशी मला वेळ नसतो.” आम्ही तसं ठरवलं, पण पत्रात ‘मंगळवारी आणि शुक्रवारी’ घालायला जागा नव्हती, कपाटावरच पाटी लावायचं ठरलं. टपालाचं काम क्लार्कनं घेतलं. आधी मी पत्रात घरचा पत्ता आणि फोन नंबर दिला होता. तो सिस्टरनी काढायला लावला. शिक्षकाचा खाजगी नंबर शाळेच्या कागदावरून मुलांना जाऊ नये हा बालसुरक्षेच्या दृष्टीनं आता अनेक शाळांचा नियम आहे. तो माझ्याही भल्याचा आहे.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. सिस्टरना वाटत होतं की दोन्ही छापावीत, पुढे मराठी, मागे इंग्रजी. सगळ्या पालकांना कळेल. शाळेची बाकीची सगळी परिपत्रकं तशीच जातात आणि त्यात काही गैर नाही. मी म्हटलं, कागद उलटला की त्याच क्षणी मराठी संपली. आमची मुलं वाचनात आळशी नाहीत, हुशार आहेत. दोन रस्ते दिसले की जवळचा घेतात. पाचवीपासून ‘सुलभभारती’च्या धड्याशेजारी पेन्सिलीनं इंग्रजी अर्थ लिहून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत, पुढच्या वर्षी त्यांना ते पेन्सिलीचं तेवढं आठवतं. आयुष्यात त्यांना मराठीतून स्वतःच्या नावानं आलेलं हे कदाचित पहिलंच पत्र असणार होतं. ते मागच्या बाजूनं वाचायचं असेल तर मग ते लिहायचंच कशाला? सिस्टरनी बराच वेळ कागद हातात धरला आणि मग इंग्रजीवर सही करून ते माझ्या फाइलला लावलं. मराठी एकटं छापायला गेलं.

छापण्याचा एक किस्सा सांगायला हवा, कारण तो प्रत्येक मराठीच्या शिक्षकाला भोगावा लागतो. चौकातल्या डीटीपीवाल्यानं मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केला. ऑफिसच्या संगणकावर तो फाँट नव्हता, तिथे फाइल उघडली तर सगळं रोमन अक्षरांचं पिठलं. युनिकोडमध्ये पुन्हा केलं तेव्हा अक्षरं आली, पण ‘येणाऱ्या’मधला अर्धा र अर्धचंद्रासारखा न येता रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर बसला: ‘येणार्या’. मोठी माणसं अशा चुकीवरून नजर सरकवून पुढे जातात. अक्षर लावून वाचणारं मूल तिथे ‘येणार-या’ म्हणून अडतं आणि मग पुढच्या शब्दावरचाही त्याचा विश्वास उडतो. तपासायची सोपी रीत म्हणजे सगळा मजकूर न वाचता आधी ‘ऱ्या’ असलेले शब्द बोटानं शोधायचे. ते नीट आले असतील तर बाकीचं सहसा नीट असतं. अक्षराचा आकार सोळा पॉइंट ठेवला, ओळींत हवा सोडली, आणि तरीही मजकूर एका बाजूत बसला याचं कारण तो दोनदा कापला गेला होता.

निकालाच्या दिवशी लष्करातले एक वडील पाकीट घेऊन माझ्याकडे आले. मुलगी सहावीत. त्यांनी हिंदीत विचारलं, मॅडम, याचं इंग्रजी आहे का, ऑफिसात म्हणाले आहे. मी म्हटलं, आहे, पण ते प्रिन्सिपल मॅडमसाठी आहे. त्यात अर्धं माझ्या निवृत्तीचे नियम आणि किल्ली कोणाकडे याचा हिशेब आहे. तुमच्या मुलीला विचारा. मुलगी बापाच्या कोपराला धरून उभी होती. तिनं पत्र वाचायला घेतलं, प्रत्येक वाक्य मराठीत आणि लगेच हिंदीत. ‘पोळा’ तिला सांगता येईना. ‘बैलों का त्योहार’ असं म्हणून ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ‘निवृत्त’ला ती अडेल असं वाटलं होतं, तिथे ती अडलीच नाही, फौजेच्या घरात तो प्रकार चांगला ठाऊक असतो. वडलांनी फक्त एक प्रश्न विचारला: शेवटचं पान फाडायचं नाही म्हणजे कुठलं? तिनं दप्तरातून वही काढली आणि दाखवलं. त्यांची बदली जूनमध्येच होती. पान बहुधा राजस्थानात गेलं असेल.

जुलैमध्ये पेन्शनच्या प्रस्तावावर सह्या घ्यायला शाळेत गेले. सेवापुस्तकाच्या नोंदी तपासताना क्लार्कनं माझी फाइल काढली आणि त्यात ते इंग्रजी पत्र दिसलं. सिस्टरनी समासातल्या आपल्या प्रश्नांपुढे पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. मावशींपुढे बरोबरची खूण. नवीन टीचरपुढे बरोबरची खूण आणि रुजू झाल्याची तारीख. ऑफिसात आलेल्या पत्रांपुढे एक आकडा, आणि क्लार्कनं त्याच वेळी टेबलाच्या खणातून रबर लावलेला गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. ‘किशोर’पुढे प्रश्नचिन्ह होतं. विचारलं तर कळलं की वर्गणी मार्चमध्येच संपली आहे, ती आजवर मी माझ्याकडूनच भरत होते हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि शाळेच्या खर्चात तिला शीर्षक नाही. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वर्षी वाचनालयाच्या तरतुदीत घालते, यंदाचं काय करायचं सांगा. मी यंदाची भरली, पावती शाळेच्या नावानं करून घेतली आणि ती त्याच फाइलला, इंग्रजी पत्राच्या मागे लावून आले.